रोह्याचं सिमेंटचं स्टेज

रोह्याला पोचलो आणि स्टेज बघून वाटलं, आता आपलं कठीण आहे. दरवर्षी मैदानात लाकडी बाकांवर फळ्या ठोकून स्टेज व्हायचं. यंदा तिथल्या मंडळाने पक्कं सिमेंटचं बांधलं होतं, वर चकचकीत लाद्या. त्यांचे अध्यक्ष कौतुकाने दाखवत होते आणि मी वेड्यासारखी मान डोलावत होतो.

दोन वर्षांपूर्वी माझे कान गेले. पेणच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेत हे फक्त आमच्या प्रॉम्प्टरला ठाऊक होतं. तो जवळच्या कासू गावचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. कानाचं यंत्र लावून पाहिलं, पण स्टेजवर त्यात माणसांपेक्षा पंखेच जास्त बोलतात. मग मी समोरच्याचे ओठ वाचायला शिकलो. नाटक पाठ असतंच. त्याचं वाक्य कधी संपलं एवढं कळलं की आपलं सुरू करता येतं. कुणी काढण्याआधी आपण निघावं, म्हणून हा शेवटचा प्रयोग मीच जाहीर केला. चाळीस वर्षं काम केल्यावर बहिरा म्हणून कुणी माझी कीव करू नये, एवढंच मला हवं होतं.

अडचण एकाच जागी होती. तिसऱ्या अंकात, घर सोडून गेलेल्या मुलीची वाट बघणाऱ्या बापाचं स्वगत आहे. लोकांना वाटतं ते त्याच्या दुःखासाठी लिहिलंय. खरं कारण असं की तेवढ्या वेळात मुलीचं काम करणारी आत साडी बदलते, केसांना पांढरं लावते. कधी दोन मिनिटं लागतात, कधी चार, पिन सापडली नाही तर आणखी. ती तयार झाली की प्रॉम्प्टर दारामागून तीन थापा मारतो. तोवर मी तीच वाक्यं फिरवून फिरवून ताणायची, आणि थाप पडली की जागच्या जागी तोडून "कोण?" म्हणायचं. फळ्यांच्या स्टेजवर दोस्त थापेबरोबर पाय आपटायचा आणि माझ्या अनवाणी तळव्याला ते कळायचं. सिमेंटमधून काय डोंबल कळणार!

"मी विंगेतून बॅटरी दाखवतो," रंगपटात तो माझ्यासमोर बसून म्हणाला. "तू फक्त एकदा हिकडं बघ. त्यात काय कमीपणा नाय."

"स्वगतात मी विंगेत बघत नाय. आपण नजर काढली की लोक सुटतात."

"मग मर," तो म्हणाला आणि माझ्या मिशीचा डिंक दाबून बसवला.

पहिले दोन अंक झकास गेले. सगळे माझ्या डोळ्यांत बघून काम करत होते. ही सवय आमच्या पोरांना मी लावली असं मी बाहेर अभिमानाने सांगायचो. तिसऱ्या अंकात मी पुढे येऊन स्वगत सुरू केलं. "तिच्या ताटावर मी अजून झाकण ठेवतो," इथपर्यंत लिहिलेलं, मग माझं. ताट, पाट, अंगण, परत ताट. पहिल्या रांगेतले डोळे माझ्यावर होते. मग ते एकदम माझ्या खांद्यावरून मागे गेले आणि परत आले. मी ताणतच राहिलो. डोळे पुन्हा गेले. या वेळी ते परत आले नाहीत. एक बाई तर मला हाताने दार दाखवत होती.

मी वाक्य तोडून वळलो. "कोण?"

दार उघडलं. तिने नेहमीसारखं माझ्या समोर येऊन, ओठ नीट हलवून, "बाबा" म्हटलं. पडदा पडेपर्यंत पुढचं सगळं सुरळीत झालं.

रंगपटात तिला विचारलं, "याने तीन थापा कितीदा मारल्या?"

"चारदा, काका." ती घुटमळली. मग अगदी सावकाश म्हणाली, "आमा सगळ्यांना माहीत हाय. पहिल्यापासून. तोंड तुमच्याकडंच ठेवून बोलायचं, असं ठरलंय आमचं."

मी दोस्ताकडे बघितलं. तो वही पिशवीत घालत होता.

"मीच सांगितलं," तो म्हणाला. "नायतर दोन वर्सं उभा राहिला असतास काय?"

मला रडू आलं. ते लपवायला मी तोंडावर खोबरेल चोळत बसलो, रंग निघून गेल्यावरही.

परतीला गाडीत दिवा चालू होता. नागोठण्यापर्यंत पोरं प्रयोगाबद्दल बोलत, हसत होती, बाकांवरून एकमेकांकडे वळून. मला डोकी दिसत होती, मानेवर राहिलेला रंग दिसत होता. माझ्याकडे तोंड करून कुणी बोलत नव्हतं. प्रयोग संपला होता.