ऐकणारीचा चेहरा

केडगावच्या एस्तेर साळवेनं आजवर इतक्या लग्नांचे व्हिडिओ कापून जोडले होते, की नवरीची पाठवणी समोर चालू असली तरी तिचं लक्ष फक्त आवाज कुठं फाटतोय तिकडं असायचं. नवरा गेल्यावर त्याचाच संगणक तिनं चालवायला घेतला. मुलगी शिकून पुण्याला गेली आणि घरात उरली ती, एक खुर्ची आणि पडद्यावर हसणारी अनोळखी माणसं. कंटाळा आला म्हणायचीसुद्धा तिला सवय उरली नव्हती.

अशात शेवगावच्या कानिफनाथनं तिला आपल्या यूट्यूबवरच्या मालिकेसाठी बोलावलं. कॅमेरा तो स्वतःच चालवायचा. तिनं एडिटिंग करायचं आणि शूटिंगच्या वेळी पडद्यापाशी बसून कोणाचा हात कुठं होता, कोण कुठं बघत होतं, यावर नजर ठेवायची. ती हो म्हणाली. निदान लग्न तरी नव्हतं.

त्या दिवशीचा प्रसंग दोघींचाच होता. आई ऊसतोडीला निघालीय, अंगणात बोचकं बांधतेय. मुलगी सांगते, मी यंदा येणार नाही, मागं राहून शिकणार. मुलीच्या कामाला नगरची अश्विनी होती, नाटकातली. आईच्या कामाला, शूटिंग चाललं होतं त्या वस्तीवरच्याच दगडाबाई. त्यांनी खरोखरच जन्मभर ऊस तोडला होता आणि दिवाळीनंतर पुन्हा निघायच्याच होत्या.

कानिफनाथनं रिवाजाप्रमाणं आधी मास्टर शॉट लावला. दोघी, अंगण, मागचं छप्पर, सगळं एकाच चौकटीत आणि प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत. कॅमेरा सुरू झाला. अश्विनी तिचं बोलली. दगडाबाईंनी लिहून दिलेलं वाक्य म्हटलं, “ऱ्हा मग. तुझी मर्जी.” आणि थांबायच्या ऐवजी खाली मान घालून पुढं म्हणाल्या, “मला तर कुनी इचारलंबी न्हवतं.” मग बोचक्याची गाठ मारली.

हे वाक्य कागदावर नव्हतं. एस्तेरनं पडद्यावरून मान वर केली.

“मस्त!” कानिफनाथ ओरडला. “हेच ठेवायचं. आता खांद्यावरून घेऊ.”

दोघींमध्ये एक रेषा धरायची आणि कॅमेऱ्यानं ती ओलांडायची नाही, नाहीतर पडद्यावर दोघी एकाच दिशेला बघताना दिसतात आणि बोलणं तुटतं. ती रेषा सांभाळत त्यानं अश्विनीच्या खांद्यामागून दगडाबाईंना घेतलं. बोचकं सोडलं. पुन्हा सगळं बोलणं, पुन्हा गाठ.

“मावशी, मघाशी गाठ बोलून झाल्यावर मारली होती. आता आधीच मारली,” एस्तेरला सांगावं लागलं. “दोन्ही तुकडे जुळणार नाहीत.”

पुन्हा बोचकं सोडलं. मग कॅमेरा दगडाबाईंच्या खांद्यामागं गेला, अश्विनीकडं तोंड करून. पुन्हा बोचकं. दर खेपेला दगडाबाईंचा आवाज थोडा थोडा वाळत गेला. शेवटी त्यांचा क्लोज, म्हणजे नुसता चेहरा, घ्यायची वेळ आली, तेव्हा ते वाक्य रेशन दुकानात नाव सांगावं तसं आलं.

“मावशी, जरा आतून येऊ द्या. डोळ्यात पाणी आलं पाहिजे,” कानिफनाथ म्हणाला.

“कितींदा सांगू, बाबा? एकदा सांगितलं न्हवं?”

अजून एकदा झालं. त्याहून कोरडं. दगडाबाई पदरानं घाम पुसत बसून राहिल्या. त्या दमल्या होत्या आणि तो थकवा नुसता उन्हाचा नव्हता. आपल्याच आयुष्यातली गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा सोडून पुन्हा पुन्हा बांधायला लावली होती. एस्तेरला स्वतःचीच लाज वाटली. गाठीची चूक काढणारी तीच होती.

“कानिफ, बास,” ती म्हणाली. “मावशींचं झालं. अश्विनीचा क्लोज घे. मावशी, तुम्ही आहात तिथंच बसा. कॅमेऱ्यात तुम्ही नाही. बोलला नाहीत तरी चालेल.”

कॅमेरा अश्विनीच्या चेहऱ्यावर गेला. दगडाबाईंच्या पदराआडचा कॉलर माईक काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. अश्विनी बोलली. मग दगडाबाई, कोणी बघत नाही म्हणून की काय, अगदी घरातल्यासारख्या बोलल्या.

“ऱ्हा तू. ऱ्हा, बाई. मला तर कुनी इचारलंबी न्हवतं.”

अश्विनीचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. पुढचं वाक्य तिचं होतं, ती विसरली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते नाटकातलं नव्हतं.

“अरे देवा!” कानिफनाथनं कपाळावर हात मारला. “आणि कॅमेरा हिच्यावर! मावशी, हेच पुन्हा एकदा...”

“नाही,” एस्तेर म्हणाली. तिचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता. “आता नाही.”

कानिफनाथनं कॅमेरा बंद केला, पण तो रागावला. त्या आठवड्यात तो केडगावला तिच्या खोलीत आला तो तयारीनंच. “ताई, लोक मोबाईलवर बघतात. जो बोलेल त्याचं तोंड दाखवा. पटापट.”

एस्तेरनं त्याच्यासमोर तसं करून दाखवलं. आई बोलली, आई. मुलगी बोलली, मुलगी. दोघी भांडणाऱ्या शेजारणींसारख्या दिसायला लागल्या. मुख्य वाक्याला दगडाबाईंचा तो कोरडा क्लोज आला आणि सरळ निघून गेला.

“काय चुकतंय?” कानिफनाथनं विचारलं.

“कुणी कुणाचं ऐकतच नाहीये.”

मग तिनं स्वतःच्या पद्धतीनं लावलं. सुरुवातीला मास्टर, बऱ्यापैकी लांब, दोघींमधलं अंतर दिसेल असा. मुलगी नाही म्हणाली तिथं पहिला काप, खांद्यावरून. बोलणं तापलं तसे तुकडे आखूड केले. काही ठिकाणी एकीचं वाक्य संपायच्या आधीच दुसरीचा चेहरा आणला. आणि ते वाक्य आलं तेव्हा कापायचंच थांबवलं. पडद्यावर अश्विनी, ऐकत असलेली. आवाज दगडाबाईंचा, पदराआडच्या माईकमधला.

त्यानंतर दगडाबाईंचा चेहरा हवा होता. एस्तेरनं त्यांचे सगळे टेक चाळले. त्यांना रडवायला बघितलं होतं असा एकही चालेना. शेवटी क्लोजच्या एका टेकमध्ये, ‘अॅक्शन’ म्हणायच्या आधीचा तुकडा सापडला. दगडाबाई नुसत्या अश्विनीकडं बघत बसल्या होत्या, कधी सुरू करताय म्हणून. नजरेची दिशा बरोबर जुळत होती. तोच तिनं लावला. मग परत मास्टर, त्यात त्या गाठ मारतात.

कानिफनाथनं दोनदा बघितलं. “सुरुवातीचा मास्टर जरा कमी करा,” एवढंच म्हणाला. तिनं केला. तेवढं त्याचं बरोबर होतं.

भाग बाहेर आला, लोकांना आवडला. काहींनी लांबण लागली असंही लिहिलं. थंडी पडल्यावर एक दिवस दगडाबाईंचा फोन आला, कारखान्याच्या तळावरून. मागं ट्रॅक्टर वाजत होता.

“ताई, हितं बायांनी बगितलं समद्यांनी. पर मी बोलले तवा मलाच न्हाई दावलं. त्या पोरीलाच दावलं.”

रेषा, क्लोज, टेक, सगळं एस्तेरच्या जिभेवर आलं आणि निरुपयोगी वाटलं.

“मावशी, ती ऐकत होती ना, ते दाखवलं.”

“खरंच ऐकत हुती व्हय ती? का तसं करत हुती?”

“खरंच ऐकत होती. पुढचं बोलायचं विसरली होती.”

“आसं व्हय,” दगडाबाई म्हणाल्या. “पर माजं तोंड आलं आसतं तर बरं झालं आसतं. आमच्या बायांना वाटलं, आवाज दुसऱ्या कुनाचा हाय.”

“चुकलंच माझं, मावशी,” एस्तेर म्हणाली.

चुकलं होतं असं तिला वाटत नव्हतं आणि नव्हतं असंही वाटत नव्हतं. दगडाबाईंना कोणीतरी हाक मारली, गाडी भरायची होती. फोन बंद झाला. एस्तेर चहा ठेवायला उठली.