झाकलेलं बोट

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, "तू देवळातला पेढासुद्धा वास घेऊन खाशील." खातेच. एकदा आंबलेला निघाला होता, तेव्हा कुणी हसलं नाही.

हिंगोलीत एसटी डेपोच्या अलीकडे आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या फोटोंचं काम हे बघतात, दुकानातला कॉम्प्युटर माझा. हल्ली लोक फोटो काढून घ्यायला कमी येतात आणि जुने फोटो नीट करून घ्यायला जास्त. ओल लागलेले, वाळवीनं खाल्लेले, घडी पडून चिरलेले. आता यासाठी कॉम्प्युटरमध्ये नवी सोय आली आहे. खराब झालेल्या भागाभोवती रेघ ओढायची, बटण दाबायचं, की यंत्र ती जागा आपल्या मनानं भरून देतं. एकदा दाबलं की तीन नमुने देतं. आमच्या ओळीतले दुसरे दुकानवाले तिन्हींतला बरा दिसेल तो उचलतात आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात. मला ते जमत नाही. ज्यानं माणूस कधी पाहिलाच नाही, तो त्या माणसाचं काहीतरी काढून देतो आणि वर इतकं गुळगुळीत काढतो. चोराला घर राखायला दिल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी डोंगरकडा गावाकडून एक बहीण-भाऊ आले. बहीण मोठी, साठीला आलेली. भाऊ पन्नाशीच्या आतला, शेळ्या-मेंढ्या राखणारा, जोडीला थोडी हळद. पिशवीतून त्यांनी आईचा फोटो काढला. पत्र्याला गळती लागून पाणी फ्रेमच्या आत गेलं होतं आणि फोटो काचेला चिकटला होता. घाईनं सोडवताना मधला रंग काचेवरच राहिला. चेहरा शाबूत होता. अंगणात बसलेली, डोक्यावर पदर, हसू दाबून धरलेलं. मांडी, डावा हात आणि मांडीवरचं करडू मात्र गेलेलं. तिथं नुसता पांढरा ओरखडा होता.

"पंधरा दिवसांवर वर्षश्राद्ध हाय," बहीण म्हणाली. "मायचा दुसरा फोटू न्हाई. आधार कार्डावर नुसतं तोंड हाय."

दुसरा फोटो का नाही, असा संशय मला लगेच आला. आजकाल फोटो नाही असा माणूस शोधून सापडत नाही. पण ती म्हणाली, "तिला फोटूत बसायला आवडायचं न्हाई. करडू मांडीवर होतं, म्हणून त्या दिवशी बसली." मी साडीचा रंग विचारला, काठ विचारला, करडाचा रंग विचारला. तांबडं, कान लोंबते, कपाळावर पांढरा ठिपका. सगळं लिहून घेतलं. हात कसा होता ते विचारलं नाही. हात कसा असतो हे कुणी विचारतं का?

दुसऱ्या दिवशी कामाला बसले. आधी सगळी मांडी एकदम भरून पाहिली, तर यंत्रानं पातळ, पुसट काहीतरी दिलं. मोठी जागा भरायला दिली की ते तसंच करतं. मग लहान लहान भाग करून भरत गेले. पहिल्या नमुन्यात साडीचा काठ बराबर जुळला, पण हाताला सहा बोटं. दुसऱ्यात करडू झकास, कान अगदी लोंबते, पण हाताला चारच बोटं, करंगळीच्या जागी नुसता खुंट. तिसऱ्यात हात सुरेख, पाची बोटं करडाच्या पाठीवर, पण करडाचं कुत्र्याचं पिल्लू झालेलं.

सुरेख हात बघून तिसराच नमुना उचलला असता, तर त्या बाईच्या मांडीवर कुत्रं बसलं असतं. म्हणून मी माझ्या पद्धतीनं केलं. यंत्र भरलेला भाग फोटोवर वेगळा थर म्हणून ठेवतं. त्या थराच्या तीन प्रती काढल्या, प्रत्येकीत वेगळा नमुना ठेवला आणि एकावर एक रचल्या. मग प्रत्येक थराला मास्क. मास्क म्हणजे साधा पडदा. त्याच्यावर काळा ब्रश फिरवला, की थरातला तेवढा भाग झाकतो. पांढरा फिरवला, की परत दिसतो. पुसलं काहीच जात नाही. काठ पहिल्यातला, करडू दुसऱ्यातलं, हात तिसऱ्यातला. कडा मऊ ब्रशनं मिसळल्या. यंत्राचा भाग फार तुळतुळीत दिसतो, म्हणून जुन्या फोटोसारखा बारीक ठिपक्यांचा दाणा वरून टाकला. बोटं तीनदा मोजली. पाच. यंत्राला बोटं मोजता येत नाहीत, मला येतात, याचा मला गर्वच वाटला.

दोघं बघायला आले तेव्हा मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. भाऊ बघतच राहिला. "लई झ्याक झालं," म्हणाला. "करा फ्रेम."

बहीण पुढं झाली. स्क्रीनवर बोट टेकवून ती हळूहळू मोजायला लागली, मी मोजली होती तशीच.

"हा हात कुणाचा हाय?" तिनं विचारलं.

"तुमच्या आईचा."

"न्हाई. दुसऱ्या कोन्या बाईचा लावला तुमी."

मला राग आला. एवढी मेहनत करून वर चोरीचा आळ. मी म्हणाले, "बाई, हात यंत्रानं काढलाय, कुणाचा कापून आणलेला नाही." म्हणाले खरं, पण ती जे म्हणत होती तेच तर मी रोज यंत्राबद्दल म्हणायची.

"मायच्या डाव्या हाताला अंगठ्याजवळच्या बोटाची दोन पेरं न्हवती," ती म्हणाली. "म्हणून तर ती हात पदराखाली धरायची. त्या दिवशी करडामुळं बाहेर राहिला."

भाऊ खिडकीकडे बघत होता. "आक्का, राहू दे ना. काहून खोड काढून राहिली? पाची बोटं आली तर काय बिघडलं?" आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

तो गेल्यावर ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "त्याला सांगू नका," म्हणाली. "चार-पाच वर्षांचा होता. कडबा कापायचं यंत्र मी फिरवून राहिले होते, आन् त्यानं कडब्यासंगं हात आत घातला. मायनं त्याचा हात ओढला, तिचं बोट गेलं. त्याला सांगितलं, पाटा पडला बोटावर. मरेपर्यंत तेच सांगत राहिली. मलाबी शपथ घातली व्हती." मग म्हणाली, "पर तिचं बोट गेलं ते गेलं. फोटूत आणून बसवलं, तर मंग तिनं केलं काय?"

मी दोन्हीला हो म्हटलं: भावाला सांगणार नाही आणि बोटही कमी करते.

वाटलं, बोट कमी करणं काय अवघड? पण यंत्र ऐकेना. बोटाच्या टोकाभोवती रेघ ओढली आणि जागा भरायला सांगितली, तर त्यानं तिन्ही नमुन्यांत पुरतं बोट उगवून दिलं. परत सांगितलं, परत तेच. एकात तर नखाला रंग होता. बोट म्हटलं की ते पूर्णच असणार, असं त्याचं ठाम मत. शेवटी मीच हाताच्या थराच्या मास्कवर काळा ब्रश घेतला आणि ती दोन पेरं झाकली. खालून करडाची तांबडी पाठ वर आली. पण बोट सुरीनं कापल्यासारखं दिसायला लागलं. मग आठवलं, चार बोटांचा हात मी चूक म्हणून झाकला होता, तो अजून तिथंच आहे. त्यातल्या करंगळीच्या खुंटाचं गोल टोक तेवढं उचललं, फिरवून या बोटाला बसवलं आणि कडा मास्कनं मिसळल्या. माझ्या गर्वानं टाकून दिलेलंच कामाला आलं. बहिणीला फोटो मोबाईलवर पाठवला. तिचा फोन आला. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. "मॅडम, बोट पूर्ण असलेला एक काढून ठेवा. आक्काला सांगू नका."

झालं, माझा संशय उसळला. याला आईच्या थोट्या बोटाची लाज वाटते. पाहुणे येणार, श्राद्धाला माणसं जमणार, फोटोत व्यंग नको. ज्या हातामुळं याचा हात शाबूत राहिला तोच याला नकोय, आणि आपण ते सांगायचंही नाही. मी दिवसभर हातातलं काम आदळत होते. ह्यांनी विचारलं काय झालं, त्यांच्यावरही ओरडले. तरी दोन्ही काढले. पडदा हलवायचा काय तो प्रश्न होता.

तो बाजाराच्या दिवशी एकटाच आला. मी दोन्ही फोटो काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि हाताची घडी घालून उभी राहिले. मनात म्हटलं, घे तुझा धडधाकट फोटो.

त्यानं पाच बोटांचा फोटो उचलला आणि खूप वेळ धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आक्कानं तुमाला सांगितलं असंल."

मी बांधायचा कागद पुढं ओढला. शपथ माझ्याही गळ्यात होती.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "लहान होतो, पर एवढं कळतं. पाटा बिटा काही न्हाई. ते यंत्र दिसतं अजून डोळ्यापुढं. मायला वाटायचं मला ठावं न्हाई, मीबी तिला वाटू दिलं. तिला तकलीफ नको." फोटोवरच्या बोटावर त्यानं अंगठा ठेवला. "म्हणलं, जितेपणी तर देता आलं न्हाई. फोटूत तरी तिचं बोट तिला परत द्यावं."

 फोन आल्यापासून मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून कान तापले.

त्यानं तो फोटो खाली ठेवला आणि दुसरा घेतला. "पर हा हात माझ्या पाठीवरून फिरलाय," म्हणाला. "तो दुसरा कोनाचा हाय, कोन जाणे. हाच बांधा."

मी फोटो बांधून दिला. पाच बोटांचा त्यानं मला फाडून टाकायला सांगितला. तो त्याच्यासमोरच फाडला. जाताना म्हणाला, "आक्काला सांगू नका, मला ठावं हाय म्हणून." मी मान डोलावली. एका घरातली दोन माणसं, दोघांचं एकच गुपित, आणि दोघांनी ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं.

फाईल मात्र मी ठेवली आहे. परवा जागा करायला म्हणून जुनं काम पुसत होते, तेव्हा ती उघडून पाहिली. मास्क बाजूला केला की त्या बाईचं बोट पुरतं दिसतं. थोडा वेळ दिसू दिलं आणि परत झाकलं.