अंकल म्हणजे कोण?

सीमा वसावे अक्कलकुव्यावरच्या डोंगरातली. नर्सिंग करून ती तिकडच्याच आरोग्य उपकेंद्रात लागली होती आणि आता आमच्याबरोबर त्या कामाचं प्रशिक्षण घेत होती. वर्गात कमी बोलायची, पण एकदा बोलली की मागे हटायची नाही.

औषधांच्या चाचणीत एक इंग्रजी केस होती. एकोणीस वर्षांचा मुलगा, थंडी वाजून ताप, रक्तात व्हायवॅक्स मलेरिया. जिल्हा रुग्णालयात आणलेला. काय द्याल? सीमाने लिहिलं: क्लोरोक्विन तीन दिवस आणि ताप उलटू नये म्हणून प्रायमाक्विन चौदा दिवस. उमाकांत सरांनी लाल फुली मारली.

ती उभी राहिली. "सर, आम्ही गावात हेच देतो."

"शेवटची ओळ वाचा," सरांनी प्रश्न पडद्यावर लावला. ओळीत लिहिलं होतं, त्याच्या अंकलची पूर्वी मलेरियाच्या गोळ्यांनी लघवी काळपट झाली होती. "काही घराण्यांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांना प्रायमाक्विन दिलं तर रक्तपेशी फुटतात. क्लोरोक्विन लगेच सुरू करायचं. प्रायमाक्विन मात्र तपासणी झाल्यावरच."

मी शेजारून तिचा पदर ओढला. "बस ना वं, एक मार्कना प्रश्न शे."

ती बसली नाही. "कोणता अंकल, सर? काका की मामा?"

वर्गात हसू फुटलं. ती हसली नाही. "हा दोष आईकडून मुलाकडे येतो, तुम्हीच शिकवलंत. मामाला असेल तर भाच्याला असू शकतो. काकाला असला, अगदी बापालाही असला, तरी बापाकडून तो मुलाला येत नाही. आमच्याकडे दोघांना एकच शब्द नाही. मराठीतही नाही."

सरांनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. "मुद्दा बरोबर आहे. पण कोण ते कळत नव्हतं, तर तुम्ही विचारलंत का? आपल्या भागात हा दोष तसाही बऱ्याच जणांत सापडतो. संशय आला की थांबायचं. मार्क मिळणार नाही."

"नको मला मार्क. मी ती ओळ नुसती वाचून पुढे गेले, ही चूक माझीच. पण शब्द तुमचा चुकला."

सरांनी तिथल्या तिथे 'अंकल' खोडून 'आईचा भाऊ' केलं. आम्हाला वाटलं, झालं.

"अजून एक," सीमा म्हणाली. "तपासणीशिवाय देऊ नका म्हणता. माझ्या उपकेंद्रात ही तपासणीच नाही. पोराला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात इतक्या लांब कोण येणार? आई मजुरीला, बाप गुजरातेत. मग तो ताप उलटत राहतो. इथे आम्हाला फुली मारता, तशी तिकडे कोणाला मारायची?"

सरांनी टेबलावर कोरा कागद ओढला.

"उपकेंद्रात ही तपासणी द्या, अशी मागणी लिहू या," सर सावकाश म्हणाले. "सही कराल?"

"मी पहिली करते."

तिच्यामागून आम्ही अर्धेजण टेबलापाशी गेलो. बाकीचे चहाला गेले. सीमाने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.