टबात बसण्याचा मेसेज

मला मूळव्याध झाली तेव्हा ते फक्त घरच्यांना आणि गंगापूर रोडच्या डॉक्टरांना माहीत होतं. तिसरा वाटेकरी निघाला माझा फोन.

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच मोठं टेबल. मधल्या सुट्टीत फोन त्यावर पडलेला असायचा. एकदा तो उजळला आणि शेजारी बसलेल्या पीटीच्या सरांनी मदत म्हणून मोठ्याने वाचलं, "सर, दवाखान्यातून आलंय. कोमट पाण्याच्या टबात बसायला विसरू नका."

"गुडघ्यासाठी," मी म्हणालो.

"गुडघा टबात बसतो?" विज्ञानाच्या बाईंनी शांतपणे विचारलं.

घरी आल्यावर मुलीपुढे फोन ठेवला. चेहरा ओळखून उघडणारा हा फोन तिनेच घेऊन दिला होता. तिने सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनचा मजकूर फक्त 'अनलॉक झाल्यावर' दिसेल असं केलं. "आता कुलूप असेल तोवर ॲपचं नाव दिसेल, मजकूर नाही," ती म्हणाली. मी निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी सहलीची मीटिंग होती. मुख्याध्यापक माझ्या शेजारी. फोन उजळला. व्हॉट्सॲप, नोटिफिकेशन, बस्स. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या आणि रिकाम्या परत आल्या. मला फार बरं वाटलं. ते यश नीट पाहावं म्हणून मी फोनवर वाकलो.

फोनने माझा चेहरा ओळखला. कुलूप उघडलं आणि लपलेली ओळ सावकाश उलगडली: 'मलम लावल्यावर बसताना आग होते का?'

मुख्याध्यापकांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सहल घोटीमार्गे नेऊ," ते सगळ्यांना म्हणाले. मी खुर्चीत आणखी अवघडून बसलो.

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. दार लोटलं. "आग होते का हो?"

"पहिले दोन दिवस. मग नाही."

"मिसळ?"

"बंद."

त्यांचा चेहरा पडला. "पत्ता पाठवा. पण माझ्या फोनवरही ते झाकून द्या."

त्या संध्याकाळी मुलीने माझ्या फोनवर 'कधीच नाही' निवडलं. आता मी कितीही प्रेमाने पाहिलं तरी कुलपाच्या पडद्यावर मजकूर येत नाही, फोन पूर्ण उघडूनच वाचावा लागतो.

मुख्याध्यापकांचं मात्र अडलं. त्यांचा फोन बोट सरकवलं की उघडायचा, आणि आधी पिन ठेवल्याशिवाय त्यात मजकूर लपवायची सोयच दिसेना.

"पिन मी विसरतो," ते म्हणाले. बराच विचार करून त्यांनी मार्ग काढला. "त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, मला मेसेजच करू नका. मी स्वतः जाऊन ऐकून येईन."

पुढच्या सोमवारी ते दवाखान्यात गेले. तिथे रांगेत पीटीचे सर बसले होते. दोघांनीही एकमेकांना सांगितलं, गुडघा दुखतोय.