रिकामी काच

प्रताप नगरातल्या भोयरांच्या स्वयंपाकघरात एकच टेबल, आणि ते मार्च महिन्यात पंचफुलाबाईंच्या हातून गेलं. एका टोकाला मधुकररावांचं बॉयलरचं पुस्तक, दुसऱ्या टोकाला अपेक्षाच्या ईसीजीच्या पट्ट्या, आणि मधोमध एक उशी. उशी म्हणजे पेशंट. पोळ्या लाटायला जागा नाही म्हणून बाई पोळपाट घेऊन खाली बसायच्या आणि अधूनमधून दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "एक बुढा शाळेत जाऊन राहिला अन् एक पोरगी उशी बडवून राहिली. माह्या घरात शहाणी मीच उरली."

गंमत बाजूला ठेवली तर मामला साधा नव्हता. मधुकरराव बावीस वर्षं हिंगण्याकडच्या एका तेलगिरणीत बॉयलरवर होते, पण मदतनीस म्हणून. कायद्याने बॉयलरजवळ प्रमाणपत्रवाला माणूस लागतो, आणि तो प्रमाणपत्रवाला एकतीस मार्चला निवृत्त होत होता. नवीन मॅनेजरने स्वच्छ सांगितलं होतं, सेकंड क्लासचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर एक एप्रिलपासून पोती उचलायला जा. बावन्नाव्या वर्षी, गेलेल्या कमरेसकट! लेखी पेपर कसाबसा झाला होता. तोंडी परीक्षा सोमवारी होती. तिथे दोन-तीन साहेब समोर बसतात, विचारतात, आणि माणूस अडखळला की घरी पाठवतात.

अपेक्षा धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स. तिला आयसीयूत जायचं होतं आणि त्यासाठी एसीएलएस पास व्हावं लागतं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटवर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं त्याची परीक्षा. ती शनिवार-रविवारी होती. म्हणून सकाळी साडेपाच ते सात बापलेक समोरासमोर बसत. अर्धा वेळ ती विचारणार, अर्धा वेळ तो.

बापाला इंग्रजी येत नव्हतं, पण घड्याळ येत होतं. ती उशीवर दोन्ही हातांनी दाब द्यायची, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजायचे.

"थांबली तू," ते म्हणाले. "चौदा सेकंद."

"मॉनिटर पाहून राहिली होती मी."

"तूच सांगतलं, पुस्तकात दहा लिवलं. दहाच्या वर हात सोडाचा नाई. पाहाचं असंल तं दहात पाह्य."

असा काटेकोर माणूस. नुसत्या आवाजावरून पंपाचा बिघडलेला वॉल्व्ह ओळखणारा. त्यामुळे गुरुवारी जे झालं त्याची अपेक्षाला कल्पनाच नव्हती.

त्या दिवशी तिची विचारायची पाळी होती. काच तपासण्याचा प्रश्न आला. बॉयलरच्या अंगावर एक काचेची नळी असते, आत किती पाणी आहे ते तिच्यात दिसतं. तिला तीन तोट्या, एक वाफेची, एक पाण्याची, एक खाली सांडण्याची. मधुकररावांनी पाण्याचा पेला पुढे ओढला आणि बोटांनी हवेत तोट्या फिरवत सांगितलं, "सांडाची उघडाची, पाण्याची बंद. वाफ आली तं वरचा रस्ता मोकळा. मंग वाफेची बंद, पाण्याची उघडी. पाणी आलं तं खालचा रस्ता मोकळा. मंग सांडाची बंद करून दोन्ही उघडाच्या. पाणी आपल्या जाग्यावर चढते." एकही चूक नाही.

"आता पुढचा," ती म्हणाली. "काचेत पाणी दिसून नाई राहिलं. काच तपासली, रस्ते मोकळे हायेत, खालून पाण्याऐवजी वाफच येते. काय करान?"

"पंप चालू."

तिने पुस्तकाकडे पाहिलं. मग बापाकडे. "बाबा, नाई."

"काय नाई?"

"पाणी द्याचंच नाई. इथं लिवलं हाये. आधी आग बंद. भुसा टाकनं बंद, दोन्ही पंखे बंद. वाफेच्या वॉल्व्हले हात लावाचा नाई, सेफ्टी वॉल्व्ह उचलाचा नाई. बॉयलर आपोआप थंड होऊ द्याचा, अन् इंजिनिअरले सांगाचं."

"पुस्तक लिवनाऱ्यानं बॉयलर पाह्यला हाये का?"

"आतल्या नळ्या कोरड्या तापून लाल झाल्या असतीन, बाबा. त्यावर पाणी पडलं तं एका लिटरची सोळाशे लिटर वाफ होते, एकदम. ते जाईन कुठं?"

मधुकररावांनी पुस्तक मिटलं. मिटलं कसलं, आपटलं. "मी टाकलं हाये पाणी! काय झालं? काईच नाई झालं!"

ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. अपेक्षा तर तिच्यावरच वाढली होती. दिवाळीच्या आधीचा आठवडा, गिरणीत मालाची घाई. बॉयलरकडची वीज गेली, पंप थांबला, काच रिकामी झाली. प्रमाणपत्रवाला चहाला गेलेला. वीज येताच मधुकररावांनी बेधडक पंप चालू केला, बॉयलर एकदा दचकला आणि वाफ सुरू राहिली. घाणा बंद पडला नाही. मालकाने सगळ्यांसमोर शाल दिली. ती शाल अजून कपाटात होती, आणि प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी म्हणायचंच, "भाऊजी, ते पंपाचं सांगा गा."

"त्या दिवशी शिफ्टमधी किती जण होते?" अपेक्षाने विचारलं. आवाज अगदी हळू.

"अकरा," ते म्हणाले, आणि त्यांनी डबा उचलला. सातला दहा कमी होते. चहा तसाच राहिला.

शुक्रवारी टेबलाशी ते बसले नाहीत. शनिवारीही नाही. पुस्तक तेच, पान तेच, पण ते अंगणात खुर्ची टाकून एकटे वाचत होते. आता खोटं कशाला बोला, ते वाचत नव्हते. उत्तर एका ओळीचं होतं आणि ते पाठ करायला पाच मिनिटं पुरत होती. पण ते उत्तर खरं मानलं की शाल खोटी होत होती. बावीस वर्षांत त्यांच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं. त्यांना लेकीचा राग आला होता, आणि ती बरोबर आहे याचा त्याहून जास्त.

रविवारी सायंकाळी अपेक्षा परत आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "पास झाली. पण दुसऱ्या खेपेले."

मधुकरराव अंगणातून आत आले. तीन दिवसांत पहिल्यांदाच टेबलाशी बसले. "पहिल्या खेपेले काय झालं?"

"मी लीडर होती. पुतळा होता समोर, चार जण माह्या हाताखाली. आधी धडधड बिघडलेली होती, मी शॉक दिला, लगेच दाब सुरू केले, दोन मिनिटं. मंग मॉनिटरवर एकदम सपाट रेषा आली. अन् मी घाबरली बाबा. म्हटलं, शॉक द्या."

"मंग?"

"सपाट रेषेले शॉक नसतेच. आधी वायरी निसटल्या का ते पाहाचं, रेष खरीच सपाट हाये का. खरी असंल तं दाब अन् अॅड्रेनलिनचं इंजेक्शन. मले पाठ होतं सगळं. पण हाताले वाटलं, काहीतरी मोठं करून टाकावं." ती टेबलावरची उशी उगाच सारखी करत होती. "मंग सगळ्यांसमोर बसवते आपल्याले. कोणी रागवत नाई. फक्त विचारते, काय केलं अन् काहून केलं. मी म्हटलं, मी चुकली. घाबरली म्हणून चुकली. चौघंही पाहून राहिले होते माह्याकडे. सर म्हणाले, आता परत करा. दुसऱ्यांदा बरोबर झालं."

"लाज नाई वाटली?"

"वाटली ना. लय वाटली."

मधुकररावांनी बॉयलरचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "विचार वं. तोच प्रश्न विचार."

सोमवारी सरकारी कार्यालयाच्या बाकावर ते अडीच तास बसले. आत गेलेली माणसं पाच-पाच मिनिटांत बाहेर येत होती, काही कपाळ पुसत, काही कोणाकडेच न बघता. शेवटी त्यांचं नाव पुकारलं.

आत तीन साहेब. सेफ्टी वॉल्व्ह झाला, बॉयलरच्या तळाचा गाळ सोडायचं ब्लो डाउन झालं, काच तपासणं झालं. मग मधल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "काचेत पाणी नाही. पाणी खरंच खाली गेलंय. पहिलं काम?"

"आग बंद, साहेब. भुसा बंद, पंखे बंद. पाणी द्याचं नाई. वाफेचा वॉल्व्ह जसा हाये तसा. थंड होऊ द्याचा अन् वर कळवाचं."

"बरोबर." साहेबांनी अनुभवाचा दाखला उलटला. "बावीस वर्षं. कधी पाहिलीय रिकामी काच?"

नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. प्रश्न पेपरातला नव्हता, गुणही नव्हते त्याला. मधुकररावांच्या डोळ्यांपुढे पोती आली, कमर आली, एक एप्रिल आला.

"पाह्यली," ते म्हणाले. "अन् मी पाणी टाकलं. चुकलो. मले मालकानं शाल देल्ली त्यासाठी."

कडेच्या साहेबांनी लिहिणं थांबवलं. मधल्या साहेबांनी विचारलं, "फ्यूजिबल प्लग वितळला होता?"

"नाई."

फ्यूजिबल प्लग म्हणजे आतल्या भट्टीच्या छतातली शिशाची गुडदी, म्हणजे बूच. पाणी तिच्याखाली उतरलं की ती वितळते आणि वाफ आगीवर येऊन आग विझवते.

"म्हणजे पाणी काचेच्या खाली गेलं होतं, पण भट्टी अजून पाण्याने झाकलेली होती. बोटभर असेल," साहेब म्हणाले. "अजून पाच मिनिटं वीज आली नसती, तर आज तुम्ही इथे नसता. आणि भिंतीपलीकडचे लोकही नसते. जा."

पास म्हणाले नाहीत, नापास म्हणाले नाहीत. अख्खा आठवडा त्या 'जा'चा अर्थ लावण्यात गेला. मधुकररावांना जेवण गेलं नाही, आणि पंचफुलाबाईंनी टेबल परत मिळूनही एकदाही टोमणा मारला नाही.

यादी अठ्ठावीस तारखेला लागली. अपेक्षाने फोनवर पाहिली. तिसरं नाव त्यांचं होतं.

पंचफुलाबाईंनी हात पुसले, कपाट उघडलं आणि शाल घेऊनच आल्या. "बसा. आज मी घालतो तुमच्या खांद्यावर."

"हे नको," मधुकरराव म्हणाले.

"काहून?"

ते टेबलाशी बसले, बायकोलाही समोर बसवलं. मग वीज गेल्यापासून सगळं सांगितलं. तीच गोष्ट, पण या वेळी साहेबांनी सांगितलेल्या बोटभर पाण्यासकट. "शिफ्टमधी अकरा जण होते," ते म्हणाले. "घाण्यावर, बॉयलरच्या भिंतीले पाठ लावून, तुहा ऋषिकेश होता."

ऋषिकेश बाईंचा धाकटा भाऊ. तेव्हा नुकताच गिरणीत लागलेला, आता दोन लेकरांचा बाप. पंपाचं सांगा म्हणून सगळ्यात जास्त मागे लागणारा तोच.

शालीची घडी मोडली होती, ती पंचफुलाबाईंनी पुन्हा घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. मग फोन घेतला.

"ऋषी, रविवारी जेवाले ये," त्या म्हणाल्या. "नाई रे, काई नाई. असंच. लेकराइलेही आण."