काटा, जिताडा आणि आमचे सर

मी लग्न करून सानपाड्याला आले तेव्हा आमच्या सोसायटीत दोनच गोष्टी नियमित होत्या. सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काळी भुकटी, आणि आठवड्यातून तीनदा येणाऱ्या मासळीवाल्या मावशी. भुकटी मागच्या औद्योगिक पट्ट्यातून यायची. तिथल्या एका कारखान्याचा बॉयलर कोळशावर चालायचा. मावशी खाडीकाठच्या गावातून यायच्या, डोक्यावर पाटी घेऊन, चारही मजले चढून. त्यांच्या घरात जमीन गेलेली, नवऱ्याचं होडीवर जाणं थांबलेलं. घर चालायचं ते या पाटीवर, आणि पाटी चालायची आमच्या सोसायटीवर.

मी तुर्भ्याच्या एका खाजगी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. सांडपाणी, मसाले, रंग, काय येईल ते तपासायचो. घरी मात्र माझ्या कामाबद्दल एकच समज होता, की मी ‘मशीनवर’ असते. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, मासा पाहून त्याचं वय सांगणाऱ्या. त्यांना यंत्राची गरज का पडावी हेच मुळात कळत नव्हतं.

झालं असं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये भुकटीचा विषय निघाला. सेक्रेटरी निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की कोळशात पारा असतो. ते उभे राहून म्हणाले, “आपण सगळे पारा पितोय.” पुढच्या पाच मिनिटांत चार जणांना चक्कर येऊ लागली. सेक्रेटरींनी उपायही जाहीर केला: पाणी वीस मिनिटं उकळायचं.

मला राहवलं नाही. मी सांगितलं की उकळून जंतू मरतात, धातू मरत नाहीत. पाणी आटतं, धातू तिथंच राहतो, म्हणजे उलट थोडा दाटच होतो. मग मलाच पुढे बोलावलं. नवी सून म्हणून मी आधीच डोळ्यांत खुपत होते, त्यात आता भाषण. तरी सांगितलं. कोळशात पारा अगदी चिमूटभर असतो, पण जाळलेला कोळसा असतो ढीगभर. भट्टीत पाऱ्याची वाफ होते आणि ती चिमणीतून निघते. त्यातली काही वाफ महिनोन्‌महिने हवेत फिरत कुठच्या कुठे जाते. काही पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असते, ती पावसाबरोबर जवळपासच खाली येते. शिसं आणि आर्सेनिक राखेच्या बारीक कणांना चिकटून येतात. पारा खाडीच्या चिखलात गेला की तिथले जंतू त्याचं वेगळंच, जास्त विषारी संयुग करतात. ते किड्यांत जातं, किड्यांतून बारीक माशांत, बारीक माशांतून मोठ्यांत, आणि दर पायरीला वाढत जातं.

“म्हणजे मासे,” सेक्रेटरी म्हणाले. पाण्याचा विषय मागे पडला. ते स्वतः शाकाहारी होते, त्यामुळे त्यांना मोठा धीर आला.

ठराव झाला: मावशींच्या पाटीतले मासे तपासायचे, टाकीचं पाणीही तपासायचं. तपासणार कोण, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. मावशींनी आपणहून तीन मासे दिले. कोलंबी, बोईट आणि जिताड्याचा एक तुकडा. जिताडा म्हणजे खाडीतला राजा, बाकीच्यांना खाऊन मोठा झालेला. “घे बाय, तपास,” त्या म्हणाल्या. “माजी मासली सोन्यासारकी हाय.”

आता आमची प्रयोगशाळा. पारा मोजायचं यंत्र नवं होतं आणि आमचे प्रमुख, म्हणजे सर, यांचा त्याच्यावर मुलासारखा जीव. माशाचं मांस आम्लात विरघळवायचं, त्यात एक रसायन घालून पाऱ्याची वाफ मोकळी करायची, पंपाने हवा सोडून ती वाफ एका काचेच्या नळीत न्यायची. नळीतून दिव्याचा प्रकाश जातो, पारा तो शोषतो, आणि जितका शोषेल तितका काटा चढतो. सगळ्यात आधी मासा न घालता फक्त रसायनं चालवायची. त्याला आम्ही ब्लँक म्हणायचो. ब्लँकला काटा हलायला नको.

माझा ब्लँक चढला, आणि चढला तो जिन्यावरून धावत चढावा तसा. सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते गंभीरपणे म्हणाले, “बघा. चिमणीचा पारा आपल्या डिस्टिल्ड पाण्यातसुद्धा पोचला.” मग कोलंबी लावली, काटा चढला. बोईट लावला, चढला. सोसायटीच्या नळाचं पाणी लावलं, तेही चढलं. सर खूश होऊन चहा सांगायला गेले.

ब्लँक चढलेला असताना पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नसतो, हे मला कॉलेजातच शिकवलेलं होतं. मी वहीत तसं लिहिलंसुद्धा. चूक केली ती घरी. चपला काढताना सासूबाईंनी विचारलं, “काय निघालं?” आणि मी दमून म्हणून गेले, “सगळ्यातच जास्त दिसतंय, पण उद्या परत बघते.” त्यांनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि मीठ मागायला शेजारी गेल्या. घरात मिठाची बरणी भरलेली होती.

तासाभरात ते चारही मजले हिंडून आलं. दुसऱ्या मजल्यावर माझ्या मशीनचा काटा मोडला होता. तिसऱ्यावर मशीनला आग लागली होती. चौथ्यावर मी हॉस्पिटलात होते, आणि चौथ्यावरच्या काकू माझ्यासाठी शहाळं घेऊन खाली आल्या तेव्हा मी दारात उभी होते. त्यांनी शहाळं परत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने मावशींना गेटवरच अडवलं. मी कामाला निघाले होते. त्या पाटी खाली ठेवून रस्त्यावर बसल्या होत्या. पाटीवरचा ओला कपडा तसाच होता, एकही मासा गेला नव्हता.

“तू काय बोल्लीस गो लोकांना?” त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “मावशी, अजून तपासायचंय, पक्कं काही नाही.” त्या म्हणाल्या, “मंग पक्कं नाय तं बोल्लीस कशाला?” मला माझीच लाज वाटली. रिक्षात मी पूर्ण रस्ता सासूबाईंवर चिडून पाहिलं, पण ते जमलं नाही, कारण तोंड माझंच सुटलं होतं.

प्रयोगशाळेत पोचून मी यंत्राला मासाही दिला नाही, पाणीही दिलं नाही. नुसती खोलीतली हवा सोडली. काटा खाली. सर आले, वाकले, “काय म्हणतंय?” काटा वर. सरांना फोन आला, ते गेले. काटा हळूहळू खाली. सर परतले. काटा वर.

मी म्हटलं, “सर, जरा दारापर्यंत जाऊन येता?” ते गेले आणि आले. “परत?” ते परत गेले. तिसऱ्या खेपेला ऑफिसातला टायपिस्टही बघायला आला. सरांना वाटलं हा यंत्राचा मान आहे. ते किंचित ताठ चालू लागले.

“सर, तुमच्या अंगावर काय आहे?”

सरांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात चकचकीत मणी होता. मेहुण्याने हरिद्वारहून आणलेला पाऱ्याचा मणी, दुसऱ्या धातूंबरोबर घट्ट केलेला, रक्तदाबासाठी. छातीच्या उबेला त्यातून जी थोडी थोडी वाफ निघत होती, ती सर वाकले की थेट पंपाच्या तोंडाशी. तिथे हवा गाळायला जांभळ्या परमँगनेटची बाटली असते. ती कधीच तपकिरी होऊन संपलेली होती, आणि ती बदलणं माझं काम होतं.

मणी पाऱ्याची वाफ धरून ठेवणाऱ्या गंधकाच्या पुडीसकट बरणीत बंद झाला. सर दिवसभर गळा चाचपडत होते. मी बाटली बदलली, ब्लँक लावला. काटा झोपला. मग सगळं पुन्हा, दोन-दोनदा.

नळाच्या पाण्यात पारा यंत्राला दिसेल इतकाही नव्हता. कोलंबीत नाममात्र, बोईटात तेवढाच. जिताड्यात मात्र होता. मर्यादेच्या आत, पण बोईटाच्या कितीतरी पट. मी त्या काट्याकडे बघत बसले. हा खोटा असता तर किती सोपं झालं असतं. मावशींचा सगळ्यात मानाचा मासा जिताडाच होता.

आणखी एक गोष्ट निघाली. पाण्याबरोबर टाकीच्या तळातून काढून आणलेला काळा गाळ मी दुसऱ्या यंत्रावर लावला, तर त्यात शिसं होतं, थोडं आर्सेनिकही. राख सरळ टाकीत पडत होती, कारण टाकीचं झाकण गणपतीच्या स्टेजला फळी कमी पडली म्हणून नेलेलं, ते परत आलंच नव्हतं. नेलं होतं सेक्रेटरींनी.

रविवारी मीटिंग झाली. मी मावशींना गेटवरून हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की परवाचा पारा खाडीतला नव्हता, आमच्या सरांच्या गळ्यातला होता, आणि पक्कं नसताना बोलले ही चूक माझी. झाकणाचंही सांगितलं. सेक्रेटरी चष्मा पुसू लागले.

“एका वाक्यात लिहून द्या,” कुणीतरी म्हणालं. “मासे खायचे की नाही?”

तसं एक वाक्य होत नव्हतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, “कोलंबी, बोईट खुशाल खा. जिताडा कधीतरी, थोडा. पोटुशी बाईनं तो खाऊच नये. तो पारा मांसातच मुरलेला असतो, धुऊन जात नाही, शिजवून जात नाही, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागतो.”

मला वाटलं, मी मावशींची पाटी दुसऱ्यांदा उलथली. मावशी विचार करत म्हणाल्या, “म्हंजे ज्यानं जास्त खाल्लं तेच्या अंगात जास्त.” मी म्हटलं, “हो.” त्यांनी सेक्रेटरींच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पाटी उचलली. सासूबाईंनी सगळ्यात आधी बोईट घेतले, आणि मग रांग लागली.

पुढे दोन वर्षांनी, एका रविवारी मावशींनी पाटीवरचा कपडा बाजूला केला तर वर ताजा जिताडा. सासूबाई मागे परात घेऊन उभ्या. मी म्हटलं, “मावशी, मोठा तुकडा द्या.” मावशींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मी नाकाशी धरलेल्या पदराकडे पाहिलं, आणि जिताड्यावर कपडा ओढून घेतला.

“तुला नाय.”

“का?”

“कितवा म्हयना?”

मी स्वतःलाच अजून ते नीट सांगितलं नव्हतं. दोन-चार दिवस वर गेले होते, एवढंच, आणि डॉक्टरकडे सोमवारी जायचं होतं. सासूबाईंच्या हातातली परात वाजली. मी पुटपुटले, “मावशी, अजून पक्कं नाही.”

“मंग पक्कं होईपर्यंत बोईट खा,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या भांड्यात मोजून सहा बोईट घातले.