नखवालीची नखं

पार्लरमध्ये तिला सगळे नखवाली म्हणत. अकरा वर्षं ती दुसऱ्यांची नखं जेलचा रंग लावून सजवत होती, पण स्वतःची मात्र जन्मजात पातळ, कागदासारखी. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, “तुझीच नखं अशी असली तर गिऱ्हाईक काय बघून बसणार?”

तेव्हापासून ती स्वतःच्या बोटांवर तयार, प्लास्टिकची नखं चिकटवायला लागली. आधी चिकट पट्ट्यांनी. त्या नखाला त्रास देत नव्हत्या. कोमट साबणाचं पाणी आणि कडेने दोन थेंब तेल, की अलगद सुटायच्या. पण दिवसभर हात पाण्यात, म्हणून संध्याकाळपर्यंत एखादं नख गळून पडायचंच. एकदा ते गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडलं. बाई हसली, मालकीणबाई हसल्या नाहीत.

मग तिने गोंदाची बाटली हाती घेतली. गोंद पंधरा दिवस हलत नव्हता. तो काढायचा तर अ‍ॅसिटोनमध्ये बोटं बुडवून शांत बसावं लागतं. गिऱ्हाइकाला ती हेच बजावायची, “उपटू नका हो, नखाचा थर निघून येईल.” आणि स्वतः वेळ नाही म्हणून उपटायची. नखांवर पांढरे चट्टे उठले. त्यावर तिने नखं कडक करणारं औषध रोज लावलं, महिनोन्‌महिने. नखं कडक झाली खरी, पण वाकेनाशी झाली आणि काचेसारखी तडकू लागली.

शेवटी बोटांची टोकं लाल झाली, फुटली, रात्रंदिवस खाजू लागली. एका सकाळी पापण्या सुजल्या. डोळ्याला तर काही लावलंच नव्हतं!

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं. म्हणाल्या, “गोंद आणि जेल, दोन्हींची अ‍ॅलर्जी. बोटं डोळ्याला लागतात, म्हणून पापण्या.”

“नखं येतील ना पुन्हा?”

“येतील, सहाएक महिन्यांत. कडेच्या कातडीला तेल लावत राहा, कोरडी पडणार नाही. पण अ‍ॅलर्जी जन्मभर राहील.”

“हातमोजे घालून काम केलं तर?”

“तुमच्या त्या पातळ मोज्यांतून जेल काही मिनिटांत आत झिरपतं, बाई.”

ती धाकट्या बहिणीला घेऊन मालकीणबाईंकडे दुसरं काही काम मागायला गेली. धाकटी शेजारच्याच टेबलावर काम करायची. मालकीणबाईंनी नखवालीचे हात पाहिले आणि नजर वळवली. “फोन उचलायला ठेवली असती गं, पण दारातच हे हात दिसणार...” नखवालीचं टेबल, गिऱ्हाइकांसकट, धाकटीला मिळालं.

“तू तरी मोजे सारखे बदलत जा. आणि ओलं जेल कातडीला लागू देऊ नकोस,” नखवाली म्हणाली.

“तुझ्यासारखं सगळ्यांना थोडंच होतं, ताई?” धाकटी म्हणाली. आवाजात माया होती, पण कान दुसरीकडे होते. गिऱ्हाईक वाट बघत होतं.

घरी आल्यावर ती बाजेवर बसून राहिली. अकरा वर्षांत दुसरं काहीच शिकली नव्हती. ब्लाउजचे हूक काढायला गेली, तर बोटांच्या भेगांतून कळ आली. शेवटी तशीच आडवी झाली, कपडे न बदलता.